बांधावरच्या सागाचा उक्ता सौदा : एकाच लाकडाची दोनदा कपात?

व्यापारी टेपने सागाचा घेर घेतो, मनात हिशेब करतो आणि झाडाचा आकडा सांगतो. तो हिशेब आपल्यालाही यायला हवा.

समजा, जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर, घेर १.२ मीटर भरला. फांद्या फुटेपर्यंतचं सरळ खोड ६ मीटर आहे. घेराला घेराने गुणा, १२.५७ ने भागा, मग लांबीने गुणा. उत्तर ०.६९ घनमीटर. पण खोड वर बारीक होत जातं. म्हणून ०.७ ने गुणायचं. यालाच फॉर्म फॅक्टर म्हणतात. हाती राहतं ०.४८ घनमीटर, म्हणजे सुमारे १७ घनफूट.

गडबड इथे होते. काही जण घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात. या रीतीत गोल लाकडातलं सुमारे २१ टक्के आधीच वजा होतं. शिवाय ही रीत पडलेल्या ओंडक्याच्या मधल्या घेरासाठी आहे. तीच छातीच्या घेराला लावून वर ०.७ ने गुणलं, की १७ चे १३ घनफूट होतात.

०.७ हा अंदाजच आहे. झाडागणिक तो बदलतो, आणि घेरात सालही येते. म्हणून शक्य असेल तर तोडणीनंतर ओंडक्याच्या मधोमध टेप लावा. तिथे १ मीटर घेर भरला, तर पहिल्याच रीतीने, पण ०.७ न लावता, पुन्हा ०.४८ च येतं. सौदा करताना एवढंच विचारा : "भाऊ, घेर कुठला धरला आणि कपात किती वेळा केली?"