साताऱ्यात पुसलं, सांगलीत गेलं

कृष्णाकाठच्या माणसाला 'कागदपत्रं जपा' हे शिकवायची गरज नाही. २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर सांगलीने पाहिलेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ज्यांचं ऑफिस तळमजल्यावर, त्यांच्या फायली, रजिस्टरं आणि टेबलाखालचा कॉम्प्युटर, सगळंच चिखलात. मग सांगली-साताऱ्याकडच्या बऱ्याच ऑफिसांनी जे केलं ते बरोबरच होतं: सगळ्या फायली क्लाउडवर टाकल्या.

माझी तक्रार त्यानंतरच्या वाक्याबद्दल आहे. "आता काळजी नाही, आमचा बॅकअप क्लाउडवर असतो." साहेब, तो बॅकअप नाही. ते सिंक आहे. सिंक पुरापासून वाचवतं, माणसाच्या बोटापासून नाही. आणि फायली जायला दरवेळी पूरच लागतो असं नाही, एक बोट पुरतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीत एका कर सल्लागाराचं ऑफिस आहे, साताऱ्यात पोवई नाक्याजवळ त्यांची शाखा. क्लायंट म्हणजे हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी. बिलांचे स्कॅन, एक्सेल शीटं, रिटर्नच्या पीडीएफ मिळून साधारण ४० जीबीचा ऐवज. सांगलीत दोन कॉम्प्युटर, साताऱ्यात एक लॅपटॉप, तिन्हीवर वनड्राइव्हचं एकच फोल्डर. म्हणजे तीन कॉम्प्युटर आणि एक क्लाउड, चार ठिकाणी प्रत. ऐकायला किती भक्कम वाटतं!

साताऱ्याच्या लॅपटॉपची डिस्क लहान. एका शनिवारी संध्याकाळी ती भरते. तिथला मुलगा विचार करतो, २०१८-१९ चं फोल्डर आता कोण उघडतंय? आणि सांगलीला प्रत आहेच की. तो फोल्डर डिलीट करतो. डिलीट केलेल्या फायली सगळीकडून जातील अशी सूचना स्क्रीनवर येते, पण अशा सूचना वाचतो कोण? तो ओके दाबतो. लॅपटॉपचं रिसायकल बिनही रिकामं करतो, नाहीतर जागा कशी होणार? दोन-तीन मिनिटांत क्लाउडवरून फोल्डर जातं. सांगलीचे कॉम्प्युटर रविवारी बंद, त्यामुळे तिथली प्रत रविवारभर शाबूत असते. सोमवारी सकाळी कोणीतरी बटण दाबतं, इंटरनेट जोडलं जातं आणि चहा येईपर्यंत तिथूनही फोल्डर गायब. ना आवाज, ना एरर. जुनं फोल्डर असल्यामुळे कुणाचं लक्षही जात नाही.

कोयना धरणातून पाणी सोडलं की ते कऱ्हाडला कृष्णेत मिळून सांगलीला पोचायला तास जातात. भोंगा वाजतो, फोन येतात, माणसं सामान माळ्यावर टाकतात. सिंकच्या पाण्याला भोंगा नाही.

आता इथे लोक म्हणतात, "हा त्या सॉफ्टवेअरचा दोष. त्याला कळायला नको का, की फाइल चुकून गेली?" नाही कळत, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. समजा एक फाइल क्लाउडवर आहे, पण लॅपटॉपवर नाही. याचे दोन अर्थ निघतात. एक, फाइल सांगलीत नवीन तयार झाली आहे आणि लॅपटॉपवर अजून उतरायची आहे. दुसरा, लॅपटॉपवर होती, ती कुणीतरी पुसली. फोल्डरकडे नुसतं बघून यातलं खरं कुठलं ते सांगता येत नाही. म्हणून सिंकचा प्रोग्रॅम स्वतःजवळ एक छोटी नोंदवही ठेवतो: मागच्या वेळी माझ्याकडे कुठल्या फायली होत्या. नोंदवहीत नाव आहे पण डिस्कवर फाइल नाही, म्हणजे ती पुसली गेली. मग तो ही बातमी क्लाउडला कळवतो आणि क्लाउड बाकीच्यांना.

थोडक्यात, सिंकच्या दृष्टीने डिलीट म्हणजे 'फाइल हरवली' असं नसतंच. ती ग्रामपंचायतीतल्या मृत्यूच्या नोंदीसारखी एक रीतसर नोंद असते, आणि ती सगळ्यांपर्यंत पोचवणं हे त्याचं कामच असतं. तसं केलं नाही, तर तुम्ही पुसलेली प्रत्येक फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून भुतासारखी परत येत राहील आणि तुम्हीच वैतागून ते सॉफ्टवेअर काढून टाकाल. म्हणजे आपल्या उदाहरणात काहीही बिघडलेलं नाही. सिंकने आपलं काम चोख केलं. बिघाड आहे तो आपण त्याला ठेवलेल्या नावात. (डिलीटचं जे, तेच चुकून बदललेल्या फाइलचं. एक्सेल शीटमधले आकडे साताऱ्यात खराब झाले आणि सेव्ह झाले, की सांगलीतही तेच आकडे.)

मग हातात काय उरतं? क्लाउडवरचं रिसायकल बिन. पण त्याला मुदत असते. वनड्राइव्हच्या घरगुती खात्यात ती ३० दिवस आहे, कंपनीच्या किंवा शाळेच्या खात्यात ९३ दिवस. गूगल ड्राइव्हमध्ये पूर्वी कचरापेटी आपण रिकामी करेपर्यंत फायली तशाच पडून असायच्या. ऑक्टोबर २०२० पासून तिथेही ३० दिवसांनी त्या आपोआप पुसल्या जातात.

आता या ३० दिवसांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे जपण्याची जबाबदारी सहा वर्षांची आणि चूक लक्षात यायला मिळालेली सवलत एक महिन्याची! जी फाइल रोज उघडतो, ती गेलेली दुसऱ्याच दिवशी कळते. वर्षातून एकदा लागणारी फाइल गेलेली कळते ती नोटीस आल्यावर, आणि तोवर ३० दिवसही गेलेले असतात आणि ९३ दिवसही.

आणखी एक गोष्ट. वर मी 'चार ठिकाणी प्रत' म्हटलं, तेही पुष्कळदा खरं नसतं. हल्ली हे प्रोग्रॅम जागा वाचवण्यासाठी कॉम्प्युटरवर फक्त फाइलचं नाव दाखवतात, आतला ऐवज क्लाउडवरच असतो. विंडोजमध्ये अशा फाइलशेजारी छोटा ढग दिसतो. म्हणजे चार प्रती नव्हेत, एकच प्रत आणि तिच्या तीन पाट्या. खरं तर साताऱ्याच्या मुलाला हेच हवं होतं: फोल्डरवर राइट-क्लिक करून `Free up space`. त्याने जागा मोकळी होते आणि फाइल क्लाउडवर राहते. त्याने दाबलं `Delete`. दोन्हीने लॅपटॉपवर जागा सारखीच मोकळी होते, परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. पण मला त्या मुलाला दोष द्यावासा वाटत नाही. 'सगळ्याचा बॅकअप आहे' असं त्याला सांगितलं होतं, आणि बॅकअप असताना लॅपटॉपवरची प्रत पुसणं यात काय चुकलं? शब्द चुकीचा दिला होता. मोठ्या कंपन्यांनीही या गोंधळात भरच घातली. गूगलने २०१७ मध्ये काढलेल्या प्रोग्रॅमचं नावच 'बॅकअप अँड सिंक' होतं!

बॅकअपची माझी व्याख्या साधी आहे. आज इथे काहीही केलं तरी जिच्यात फरक पडत नाही, अशी कालची प्रत. यात 'कालची' हा शब्द महत्त्वाचा. सिंक जागा बदलतं, बॅकअप काळ बदलतो. म्हणूनच बाहेरची हार्ड डिस्क घेतली की बॅकअप झाला, असंही नाही. कित्येक ऑफिसांत रोज रात्री अशी एक बॅच फाइल चालते:

```
robocopy D:\Office E:\Office /MIR
```

यातलं `/MIR` म्हणजे आरसा. `D:` वर जे नाही, ते `E:` वरूनही पुसायचं. म्हणजे हेही सिंकच, फक्त दिवसातून एकदा चालणारं. त्याऐवजी प्रत्येक वेळी तारखेचं नवं फोल्डर करा:

```
robocopy D:\Office E:\Office-2026-01-03 /E
```

जुन्या फोल्डरला हात लावायचा नाही. जागेचा हिशोब करू. शेवटच्या चार आठवड्यांच्या चार प्रती, बारा महिन्यांच्या बारा आणि दर ३१ मार्चची एक अशा सात वर्षांच्या सात. एकूण २३ प्रती. गुणिले ४० जीबी म्हणजे ९२० जीबी. ऐवज दरवर्षी वाढणार हे धरलं तरी दोन टीबीची डिस्क निवांत पुरते. (बदललेल्या फायलीच तेवढ्या साठवून जागा वाचवणारे रेस्टिक, डुप्लिकाटी असे फुकट प्रोग्रॅम आहेत. ज्याला जमेल त्याने ते जरूर वापरावेत.) मात्र ज्या कॉम्प्युटरवरून प्रत घ्यायची, त्यावर त्या फोल्डरला `Always keep on this device` लावलेलं हवं. पाटीची प्रत घेऊन उपयोग नाही.

डिस्क प्रत घेण्यापुरती जोडायची आणि काढून ठेवायची. सतत जोडलेली डिस्क ही त्याच बोटाच्या टप्प्यात असते, आणि व्हायरसच्याही. डिस्क दोन घ्या, आणि आलटून पालटून एक साताऱ्याला पाठवा. कारण पूर काही थांबलेला नाही आणि सांगलीच्या तळमजल्यावरच्या कपाटातला बॅकअप पुन्हा पाण्यातच जायचा. सिंकही चालू राहू द्या. पुराच्या आदल्या तासापर्यंतचं काम तेच वाचवेल, डिस्क वाचवेल ते मागच्या शनिवारपर्यंतचं. एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका, एवढंच.

आणि तुमच्याकडे यातलं नेमकं काय आहे, हे ओळखायची परीक्षा पाच मिनिटांची आहे. जो माणूस तुमचे कॉम्प्युटर बघतो, त्याला "बॅकअप आहे का?" असं विचारूच नका. तो हो म्हणेल आणि मनापासून म्हणेल. त्याऐवजी म्हणा, "चार महिन्यांपूर्वी ही एक्सेल शीट जशी होती तशी मला आत्ता काढून दाखव." त्याने काढून दाखवली, तर तुमच्याकडे बॅकअप आहे. त्याने आजचीच शीट तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवली, तर काय आहे ते आता तुम्हाला ठाऊक आहे.