पार्सलवर ‘C/O’ पुढे नाव कोणाचे?

समजा, तेल्हाऱ्याच्या विद्यार्थ्याने अमरावतीत गाडगेनगरला खोली घेतली. ऑर्डर करताना त्याने आधारवरचे ‘C/O’ वडिलांचे नाव तसेच उतरवले, तर पार्सल गल्लीतून परत जाऊ शकते. वडिलांना तिथे ओळखतो कोण?

S/O आणि W/O नाते सांगतात. गावात एकाच नाव-आडनावाचे दोघे असले, की नेमका माणूस त्यावरून कळतो. तेल्हाऱ्याच्या घरी ते पुरेसे आहे. C/O म्हणजे ‘यांच्या घरी’. आधारवर मात्र तिथेही अनेकदा वडिलांचे किंवा पतीचे नाव असते, घोळ तिथूनच सुरू होतो.

भाड्याच्या खोलीसाठी दारावरच्या पाटीवरचे, म्हणजे घरमालकाचे नाव हवे. वेगळा रकाना नसल्यास पत्त्याच्या पहिल्याच ओळीत ‘C/O देशमुख’ असे लिहावे. पिनकोडही खोलीचाच टाकावा, गावचा नव्हे.