मामूंचा पीएफ कुठे गेला?

मागच्या रमजानच्या आधी मामू घरी आले आणि बसायच्या आतच म्हणाले, "बेटा, कारखाना बुडाला. सतरा वर्षांचा पीएफ गेला." मामू भिवंडीत एका डाइंग-प्रोसेसिंगच्या कारखान्यात कामाला होते. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, बँकेचं कर्ज थकलेलं, गेटवर इंग्रजी नोटीस. शिकलेला भाचा एकच म्हणून कागदांची पिशवी माझ्यापुढे आली. मी उर्दू-मराठीचा मास्तर, वकील नव्हे. पण ती पिशवी सोडवताना जे कळलं, ते आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक पगारदाराला ठाऊक असायला हवं असं मला वाटतं.

पहिली गोष्ट मी मामूंना त्याच संध्याकाळी सांगितली, ती म्हणजे सतरा वर्षांचा पीएफ गेलेला नाही. पीएफ मालकाच्या गल्ल्यात नसतो. तुमच्या पगारातले १२ टक्के आणि मालकाचे तेवढेच, असे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे भरावे लागतात. एकदा तिकडे जमा झालेल्या पैशाशी मालकाच्या दिवाळखोरीचा काही संबंध उरत नाही. बँक तो जप्त करू शकत नाही, कापडवाला व्यापारी त्यावर दावा सांगू शकत नाही. (काही मोठ्या कंपन्या सरकारी परवानगीने स्वतःचा ट्रस्ट करून पीएफ सांभाळतात, तिथे ट्रस्टचे हिशेब वेगळे पाहावे लागतात. मामूंचं तसं नव्हतं.)

मग पासबुक उघडलं. साडेतीन लाखांच्या आसपास रक्कम होती, सुरक्षित. मामूंनी डोळे मिटून शुक्र अदा केला. पण खाली येता येता नोंदी अचानक थांबल्या. कारखाना बंद पडायच्या आधीचे चौदा महिने कोरे होते. पगारपत्रकावर मात्र दर महिन्याला कपात दिसत होती.

धोका असतो तो इथे, न भरलेल्या पैशात. मामूंचा पीएफ ज्यावर कापला जायचा तो पगार १४ हजार. त्यांचे १६८० कापले जायचे, मालकाने स्वतःचे १६८० घालायचे. मालकाच्या वाट्यातले ११६६ पेन्शनच्या खात्यात जातात, ५१४ पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला ३३६०, चौदा महिन्यांचे ४७,०४०. त्यातले अर्धे तर मामूंच्याच पगारातून कापलेले. असा कापलेला पैसा मालकाकडे सोपवलेला मानला जातो आणि तो न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो, असं आपला कायदा म्हणतो. आपण ज्याला अमानतीत खयानत म्हणतो, तेच.

कंपनी बुडाली की उरलेल्या मालमत्तेवर सगळे तुटून पडतात. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात वाटपाची रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचा आधीच्या २४ महिन्यांचा थकीत पगार आणि तारण असलेली बँक एकाच पायरीवर, मग बाकीचे. पण त्याच कायद्याचं ३६ वं कलम सांगतं की भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीतून कामगारांना येणं असलेली रक्कम कंपनीच्या वाटपाच्या मालमत्तेत धरायचीच नाही. फरक नीट लक्षात घ्या. थकलेल्या पगारासाठी मामू रांगेत उभे आहेत, पीएफसाठी ते रांगेच्या बाहेर आहेत. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२२ मध्ये एबीजी शिपयार्डच्या कामगारांच्या प्रकरणात हेच मान्य केलं.

कारखाना दिवाळखोरी कायद्याखाली गेला नसला तरी आधार आहे. १९५२ च्या पीएफ कायद्याचं ११ वं कलम थकीत पीएफचा पहिला बोजा मालकाच्या मालमत्तेवर टाकतं. हे आपल्या महाराष्ट्रातच कसाला लागलं. सहकारी साखर कारखान्यांनी साखरेची पोती राज्य सहकारी बँकेकडे तारण ठेवली होती आणि कामगारांचा पीएफ थकवला होता. पीएफ कार्यालयाने ती पोती जप्त केली, बँक कोर्टात गेली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कामगारांचा पीएफ बँकेच्या तारणाच्याही आधी.

आता कडू भाग. रांगेबाहेर असणं आणि हातात पैसा येणं या दोन गोष्टी आहेत. मुंबईची जेट एअरवेज पाहा. कर्मचाऱ्यांचा थकीत पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या, असा अपील न्यायाधिकरणाचा २०२२ चा आदेश सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये कायम ठेवला. तरी कंपनी नव्या मालकाकडे गेलीच नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाला ती मोडीत काढायला सांगावं लागलं. विकायला काही उरलं असेल तरच पहिल्या हक्काला अर्थ.

आणि दावा सिद्ध करावा लागतो. कंपनीचा ताबा घेणारा अधिकारी वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो, एक इंग्रजी आणि एक स्थानिक भाषेतल्या. कामगाराने फॉर्म डी भरायचा. मामूंनी भरला, त्याची प्रत पगारपत्रकांसह पीएफ कार्यालयातही दिली. पण पगारपत्रकं होती नऊच महिन्यांची. पाच मामींनी साफसफाईत टाकून दिली होती. पगार रोख मिळायचा, म्हणून बँकेचा पुरावाही नाही. नऊ महिन्यांचे ३०,२४० मान्य झाले. उरलेले १६,८०० हजेरीपुस्तकात अडकले आहेत, आणि ते पुस्तक अजून सापडलेलं नाही. यंत्रंही अजून विकली गेलेली नाहीत.

पेन्शनचं गणित थोडं बरं आहे. पेन्शन योजनेत सेवेचे महिने मोजताना वर्गणी आलेली किंवा येणं असलेली, दोन्ही धरतात. मालकाने बुडवलं म्हणून तेवढी नोकरी पुसली जात नाही. पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागायचं, म्हणजे १४ हजारांवर एक वर्ष महिन्याला २०० रुपयांचं. रक्कम लहान वाटेल, पण ती आयुष्यभराची आहे. इथेही मामूंना ती नोकरी केल्याचं दाखवावं लागणारच.

माझी तक्रार कायद्यावर नाही, शांततेवर आहे. पैसे जमा झाले की मोबाइलवर संदेश येतो. जमा झाले नाहीत तर काहीच येत नाही. न आलेला संदेश कोण मोजतो? मामूंनी चौदा महिने मोजला नाही. मालकाने १५ तारीख चुकवली की सोळाव्या दिवशी कामगाराच्या फोनवर "या महिन्याचा भरणा आलेला नाही" एवढं एक वाक्य संघटनेने पाठवावं. माहिती तिच्याकडे असतेच. कंपनी शोधली तर कोणत्या महिन्यात किती भरलं हे तिच्या संकेतस्थळावर दिसतं. तक्रार दुसऱ्या महिन्यात झाली असती तर कारखाना चालू होता, चौकशी आणि वसुली होऊ शकली असती. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की मोरेटोरियम लागतं आणि कंपनीवरची वसुली जागच्या जागी थांबते.

तो संदेश येईपर्यंत मी आमच्या शाळेतल्या पालकसभेत फळ्यावर एक ओळ लिहितो. नोंदणी केलेल्या मोबाइलवरून ७७३८२९९८९९ ला पाठवायची:

```
EPFOHO UAN MAR
```

उत्तर मराठीत येतं, शेवटच्या भरण्यासकट. मागच्या सभेत चौघांनी तिथेच पाठवून पाहिलं. एकाचा शेवटचा भरणा पाच महिन्यांपूर्वीचा निघाला. त्याचा कारखाना अजून चालू आहे. आम्ही दोघांनी त्याच दिवशी epfigms.gov.in वर तक्रार टाकली.