काट्याला दोष देण्याआधी वजन तपासा

१५ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की धारकडे नर्मदाकाठी काय अन् देवासकडे नेमावरला काय, काटे बाहेर निघतात. त्यांच्यासोबत दोन महिने ओलीत पडलेली वजनंही निघतात. काटा तपासायचा म्हणून आपण २० किलोचं वजन ठेवतो आणि आकडा पाहतो. पण ते वजन खरंच २० किलोचं आहे का, हे कोणी विचारत नाही.

समजा, आपटून त्याचा बोराएवढा टवका उडाला. बिडाचा तेवढा तुकडा साधारण ४० ग्रॅमचा भरतो. चांगला काटा १९.९६० दाखवतो आणि आपण म्हणतो, काटा कमी दाखवतोय. मग त्याच वजनावर काटा २०.००० ला बसवला जातो. झालं, चांगला काटा बिघडला! आता १०० किलो मासळी १००.२०० दिसते. व्यापाऱ्याच्या बरोबर काट्यावर ती १००च भरते, आणि क्विंटलमागे २०० ग्रॅमची खोट संस्थेला बसते. वजनाला ४० ग्रॅम चिखल, खवलं चिकटली असतील तर उलटं होतं. १०० किलोची मासळी ९९.८०० दिसते आणि मार मच्छीमाराला बसतो.

ओळखायचं कसं? त्याच काट्यावर, मधोमध त्याच जागी, आधी एक २० किलो ठेवा, मग दुसरं. आकडे वेगळे आले तर दोष काट्याचा नाही, वजनाचा आहे. मात्र १० ग्रॅमने मोजणाऱ्या काट्यावर दोन-तीन ग्रॅमचा फरक दिसणार नाही.

वजनांना वर्ग असतात. नव्या २० किलोच्या वजनात एम१ वर्गाला १ ग्रॅम, एम२ला ३ ग्रॅम आणि एम३ला १० ग्रॅम चूक चालते. १० ग्रॅमने मोजणाऱ्या काट्याला २० किलोवर १० ग्रॅमच चूक माफ आहे, आणि तपासणीच्या वजनाची चूक तिच्या एक-तृतीयांशात हवी. म्हणून एम३ इथे कामाचं नाही. ई आणि एफ वर्ग प्रयोगशाळेचे. त्यांना बोटांचं तेलही चालत नाही, आपल्या धक्क्यावर ते कशाला?

साफ करताना मऊ ब्रश आणि कोरडं फडकं वापरा. ओलं झालं तर लगेच पुसा. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर लोखंड खातो, रंग वजन वाढवतो. शिशाच्या बुचाला, त्यावरच्या शिक्क्याला हात लावू नका. टवका उडालेलं वजन बाजूला काढून नापतोल विभागाकडे न्या. तसंही वजनांची फेरपडताळणी दर दोन वर्षांनी करावीच लागते.

माझं मत सरळ आहे. संस्थेने एक एम१ वजन लाकडी पेटीत, फक्त तपासणीसाठी ठेवावं. रोजच्या तोलाईला ते काढू नये. आणि दुसऱ्या वजनाशी ताडून पाहिल्याशिवाय काट्याचं बटण कोणी दाबू नये, सचिवानेही नाही.