पूल परवडतो का? एक हिशेब वर्गात करून पाहा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'एवढ्याशा गावासाठी एवढा मोठा पूल कशाला?' हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. चक्रवाढ व्याज येणाऱ्या मुलांना तो वर्गात सोडवता येतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

नदीपलीकडे १,५०० वस्तीचं गाव आहे. पुलाचा खर्च ४ कोटी रुपये, आयुष्य ५० वर्षं. लांबचा वळसा टळल्यामुळे वाचणारं इंधन आणि वेळ यांची किंमत, देखभालीचा खर्च वजा करून, वर्षाला ३० लाख रुपये. मुलं लगेच गुणाकार करतील: ३० लाख गुणिले ५०, म्हणजे १५ कोटी. पूल परवडला!

पण थांबा. पन्नास वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. इथे महागाईचा प्रश्न नाही, सगळे आकडे आजच्याच भावाने धरलेत. आजचा रुपया दुसरीकडे गुंतवला तर वाढतो, म्हणून उद्याचा रुपया कमी मोलाचा. चक्रवाढ व्याज उलटं चालवायचं, की झाला वटाव. दर १२ टक्के धरला तर पन्नासाव्या वर्षीच्या १ लाखाची आजची किंमत फक्त ३४६ रुपये. ३.५ टक्के धरला तर सुमारे १७,९००.

आता ५० वर्षांचे फायदे असेच वटवून बेरीज करा. १२ टक्क्यांनी २.४९ कोटी येतात, म्हणजे पूल तोट्यात. ३.५ टक्क्यांनी ७.०४ कोटी, म्हणजे भरपूर फायद्यात. पूल तोच, फक्त दर बदलला. म्हणून 'पूल परवडत नाही' असं कोणी म्हटलं, की आधी दर विचारा.

दुसरी गोष्ट. पावसाळ्यात बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोहोचते, मुलींची शाळा पूर आला म्हणून सुटत नाही, याला बाजारभाव नाही. आपण 'हे अमूल्य आहे' म्हणतो आणि हिशेबात मात्र त्याचं शून्य होतं. दुसऱ्या टोकाला, पूल मंजूर व्हावा म्हणून मनाला येईल तो आकडा घालणं हीदेखील लबाडीच.

माझ्या मते प्रश्न उलटा विचारावा. १२ टक्क्यांनीही पूल परवडायला वर्षाला सुमारे ४८ लाखांचा फायदा हवा. ३० लाख आहेत, १८ लाख कमी पडतात. ते १,५०० माणसांत वाटले तर माणशी वर्षाला १,२०० रुपये, महिन्याला १००. आता विचारा: या गावातल्या माणसाला पावसाळ्यात दवाखाना आणि शाळा गाठता येणं, हे महिन्याला १०० रुपयांच्या मोलाचं आहे का?

फक्त एकच फायदा दोनदा मोजू नका. वळसा वाचल्याने जमिनीचे भाव वाढतात. वाचलेला वेळ धरला असेल, तर तीच वाढ पुन्हा धरायची नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गणित देत नाही, ते माणसांनी द्यायचं असतं. पण नेमकं कशाचं उत्तर द्यायचं, ते गणितामुळेच कळतं. मुलांना हिशेब इथपर्यंत करू द्या आणि मग वर्गात वाद होऊ द्या.