पिशवीवरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’

कोचीच्या पोस्टिंगवरून आलेला माझा सहकारी खोबरेलाच्या पिशवीवरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ दाखवून मला तूप सोडायला सांगतो. मित्रांनो, ही निव्वळ धूळफेक आहे. कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पती तेलात जवळपास नसतंच! रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढवते ती संपृक्त चरबी. शंभर ग्रॅम तुपात ती ६० ग्रॅमच्या वर असते, खोबरेलात ९० च्या आसपास, शेंगदाणा तेलात २० च्या आत आणि मोहरीत १० च्या आसपास. ‘रिफाइंड’ ही फक्त शुद्धीकरणाची प्रक्रिया. त्यामुळे हे प्रमाण बदलत नाही. रिफाइंड पामतेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्तच राहते. तेव्हा पिशवी उलटी करा, मागचा ‘सॅच्युरेटेड फॅट’चा आकडा वाचा आणि मगच तूप की तेल यावर वाद घाला.