मेंबर आले १००, उरले किती? व्हिडिओनुसार गळती कशी मोजायची?

पावसाळ्यात नालासोपाऱ्यात पाणी तुंबले की वसई-विरारमधल्या स्थानिक यूट्यूब चॅनलवर गर्दी उसळते. काही जण महिन्याचे पैसे भरून मेंबरही होतात. पण त्या आकड्यावर विसंबून नवा एडिटर ठेवावा का? उत्तर गळतीच्या आलेखात आहे.

आलेख कसा काढायचा?

प्रत्येक मेंबर कोणत्या महिन्यात आणि कोणत्या व्हिडिओमुळे आला, याची नोंद ठेवा. त्यासाठी स्वागताच्या मेसेजमध्येच तसे विचारता येते. मग एका व्हिडिओमुळे आलेल्यांचा एक गट करा आणि दर महिन्याला त्यातले किती जण अजून पैसे भरत आहेत ते मांडा.

उदाहरण पाहू

समजा, तुंबलेल्या पाण्याच्या व्हिडिओने १०० मेंबर आणले. पुढच्या महिन्यांत ते ५५, ३८, २९, २५ आणि २२ झाले. वसईचा किल्ला आणि सामवेदी बोलीवरच्या मालिकेने फक्त ४० आणले, पण ते ३६, ३४, ३३, ३२ आणि ३१ राहिले.

सहा महिन्यांत मिळून पहिल्या गटाने २६९ वेळा पैसे भरले, दुसऱ्याने २०६ वेळा. म्हणजे आजवरची कमाई पाण्याच्या व्हिडिओचीच जास्त. मात्र चौथ्या महिन्यातच मालिका पुढे गेली आणि तिची रेषा आता जवळपास आडवी आहे. पगार दर महिन्याला द्यायचा असतो, त्यामुळे रेषा किती उंचीवर आडवी होते हेच पाहावे. आमच्या मते एडिटरचा खर्च मालिकेच्या जिवावर ठरवावा. पाण्याचा व्हिडिओ लोकांच्या गरजेचा आहे, तो करावाच. पण त्याची कमाई एकदाच मिळणारी समजावी.

फसगत कुठे होते?

सगळेच गेलेले लोक नाराज नसतात. कार्डाची मुदत संपते, खात्यात पैसे नसतात. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना येते. ती पाहूनही काही जण थांबतात. एकाच महिन्यात सगळ्याच गटांच्या रेषा खाली आल्या, तर आधी पेमेंट तपासा. एकच रेषा कोसळली, तर कारण त्या व्हिडिओत किंवा त्यानंतर मेंबरना काय मिळाले, यात शोधा.

दुसरे म्हणजे दोन महिन्यांच्या गटाची सहा महिन्यांच्या गटाशी तुलना करू नका. सुरुवातीची गळती नेहमीच मोठी असते. दोन्ही गटांचा तिसरा महिना शेजारी ठेवा.

आणि ४० जणांच्या गटात एक माणूस म्हणजे अडीच टक्के. दोघे-तिघे गेले म्हणून मालिका बंद करू नका. तशाच आणखी एका मालिकेचा गट येऊ द्या. त्याचीही रेषा तशीच राहिली, तर निर्णय घ्या.